मिक्सरच्या भांड्यासाठी पत्र कसलं लिहिता, असं विचारणाऱ्यांना

वॉरंटीतल्या मिक्सरच्या भांड्याला तडा गेला, तर दुकानदाराला रीतसर तक्रारीचं पत्र लिहावं, एवढं म्हटलं की आपल्याकडे लोक चमकून पाहतात. ठाण्यात गोखले रोडवर विचारा, डोंबिवलीत फडके रोडवर विचारा, कल्याणात शिवाजी चौकात विचारा, उत्तर ठरलेलं आहे. ‘वॉरंटी मोटरची असते, भांड्याची नसते. भांडं काही आपोआप फुटत नाही. कुणीतरी आपटलं असेल, नाहीतर गरम घातलं असेल. तरी समाधान होत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, दुकानदार बिचारा काय करणार? आणि आठशे-साडेआठशे रुपयांच्या भांड्यासाठी एवढा खटाटोप करायचाच कशाला? नवीन घ्या आणि मोकळे व्हा.’

हे फक्त दुकानदार म्हणत असता, तर मी समजू शकलो असतो. त्यात त्याचा फायदा आहे. पण हेच शेजारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात, सोसायटीच्या कमिटीतले लोक म्हणतात. बँकेत, महापालिकेत, मंत्रालयात आयुष्यभर आवक-जावक क्रमांक टाकून पत्रव्यवहार केलेली, कागदाची किंमत पुरेपूर ओळखणारी माणसंसुद्धा स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूसाठी चार ओळी लिहिणं कमीपणाचं मानतात, याची मला चीड येते. कारण वरच्या उत्तरातलं एकेक वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आपण दुकानदाराच्या वतीने एकमेकांना सांगत बसलो आहोत.

हा विषय घरातच घडला म्हणून त्याचे तपशील मला माहीत आहेत. माझ्या वहिनीने डोंबिवली पूर्वेतल्या एका दुकानातून २०२४ च्या धनत्रयोदशीला मिक्सर घेतला. ७५० वॉटची मोटर, स्टीलची दोन भांडी आणि सरबत-मिल्कशेकसाठी एक पारदर्शक प्लास्टिकचं भांडं. किंमत ४,३०० रुपये. वॉरंटी कार्डावर मिक्सरला दोन वर्षं आणि मोटरला पाच वर्षं. पुढच्या मार्चमध्ये एका रविवारी ती चिकूचं मिल्कशेक करत असताना पारदर्शक भांड्याच्या तळातून दूध झिरपायला लागलं. धुऊन उजेडात धरलं तर तळाशी, पातं ज्या धातूच्या कड्यात बसवलेलं असतं, तिथून वर चढत गेलेला तडा दिसला. ती भांडं घेऊन दुकानात गेली आणि तिथे तिला वरचं सगळं उत्तर, त्याच क्रमाने, काउंटरवर उभ्या उभ्या ऐकवण्यात आलं. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी आणि आमच्या दादाने तेच पुन्हा ऐकवलं.

आता पहिलं वाक्य घेऊ. वॉरंटी फक्त मोटरची असते म्हणे. मग कार्डावर ‘मिक्सरला दोन वर्षं, मोटरला पाच वर्षं’ असं दोनदा का लिहिलं आहे? मोटर सोडून बाकी कशालाच वॉरंटी नसेल तर ती दोन वर्षं कशाची? दुकानदाराने यावर कार्डाच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की प्लास्टिकचे आणि काचेचे भाग हाताळताना फुटल्यास वॉरंटी लागू नाही. वाक्य नीट वाचा. ‘हाताळताना फुटल्यास’ असं आहे, ‘कोणत्याही कारणाने तडा गेल्यास’ असं नाही. ओट्यावरून पडून फुटलेलं भांडं आणि घडणीतल्या दोषामुळे वापरात उकललेलं भांडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीने स्वतःच्या कार्डावर फक्त पहिली गोष्ट वगळली आहे. दुसरी दुकानदाराने काउंटरवर तोंडी वगळली, आणि आपण ती मान्य करून घरी येतो.

शिवाय कार्ड म्हणजे सगळा कायदा नव्हे. वस्तू विक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या सोळाव्या कलमानुसार, जो विक्रेता त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार करतो, त्याच्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली, तर ती विकण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे ही अट विक्रीत गृहीत धरलेलीच असते. ती बिलावर छापलेली असण्याची गरज नाही. ग्राहकाने घेताना वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते, तेवढ्यापुरती ही अट लागू होत नाही. पण प्लास्टिकच्या आत दडलेला ताण दुकानात उभं राहून कोणाला दिसणार आहे? ही अट उभयतांच्या स्पष्ट कराराने काढून टाकता येते हेही खरं. पण तसा करार झाला कधी? कार्ड सीलबंद खोक्यात होतं, आणि खोकं पैसे दिल्यावर घरी उघडलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. कायद्याने, व्यक्त किंवा गृहीत कराराने, किंवा विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्याने जो दर्जा राखायला हवा, त्यात असलेली कोणतीही खोट म्हणजे दोष. मोटर आणि भांडं असा भेद त्या व्याख्येत कुठेही नाही.

दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं, कारण त्यात आरोप आहे. ‘तुम्हीच आपटलं असणार.’ वस्तू एकदाही न तपासता, समोर उभ्या असलेल्या बाईच्या हातांना दोष द्यायचा. आणि आपल्या घरातली माणसं तिची बाजू घेण्याऐवजी विचारतात, ‘खरंच नाही ना पडलं?’ भांडं काय झालं ते स्वतःच सांगतं. फक्त ते बघायला हवं.

हे पारदर्शक भांडं बहुधा पॉलिकार्बोनेटचं किंवा त्याहून स्वस्त अशा स्टायरिनच्या जातीच्या प्लास्टिकचं असतं. पुष्कळदा तळावर बारीक उठावात इंग्रजी पी-सी किंवा एस-ए-एन ही अक्षरं असतात. तीच त्याची ओळख. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरलं जातं आणि गार होताना आक्रसतं. साचा घाईने गार केला किंवा भिंतीची जाडी एकसारखी नसली, की आत ताण अडकून राहतो. तळाशी पातं बसवायला जे भोक असतं, त्याच्या एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने आलेलं प्लास्टिक भोकाच्या पलीकडे एकमेकांना भेटतं. तिथे एक जोडरेषा राहते, आणि ती आजूबाजूच्या भागापेक्षा कमजोर असते. त्या भोकात धातूचा बुश आवळून बसवतात. तो गरजेपेक्षा जास्त आवळला, की भोकाची कड कायम ताणलेली राहते. त्यात भर म्हणजे तापल्यावर पॉलिकार्बोनेट स्टीलच्या साधारण चौपट प्रसरण पावतं. म्हणजे प्रत्येक वेळी धुताना, वापरताना, फ्रिजमधलं दूध ओतताना प्लास्टिक आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, आणि त्यांच्या मधली कड तो सगळा ताण सोसते. काही महिन्यांनी तिथे केसासारख्या रेषा उमटतात. मग त्यांतली एक रेषा उघडते.

पडलेल्या भांड्याचा तडा असा नसतो. तिथे आघाताची एक जागा असते. ती खरचटलेली, पांढुरकी पडलेली किंवा टवका उडालेली दिसते, आणि तडे त्या बिंदूपासून चांदणीसारखे चहूकडे पसरतात. ही जागा बहुतेक वेळा वरच्या काठाला किंवा खालच्या बाहेरच्या कडेला असते, कारण भांडं पडताना तेच भाग आधी जमिनीला लागतात. वहिनीच्या भांड्याला बाहेरच्या बाजूला कुठेही असा डाग नव्हता. तडा आतून, बुशाच्या कड्यापासून सुरू झाला होता, वर जाताना बारीक होत गेला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी बारीक रेषा होत्या, ज्या अजून उघडल्या नव्हत्या. भांडं बाहेरून आपटल्यावर तडा आत, कड्याला चिकटून का सुरू होईल? आणि शेजारच्या न उघडलेल्या रेषा कुठून येतील? हे बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. खिडकीजवळ उभं राहून भांडं तिरकं धरलं तरी दिसतं. शेवटचा निर्वाळा प्रयोगशाळाच देईल, पण काउंटरवरून फेकलेल्या आरोपाला उत्तर द्यायला एवढं पुरेसं आहे.

‘गरम घातलं असेल’ हा त्याच आरोपाचा दुसरा भाग. पॉलिकार्बोनेट मऊ पडायला १४० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. उकळतं पाणीसुद्धा १०० अंशांचंच असतं. वारंवार एकदम गरम आणि एकदम गार केल्याने ताण वाढतो हे खरं, आणि झाकण लावून उकळता पदार्थ फिरवणं धोक्याचं आहे हेही खरं. पण चिकूचं मिल्कशेक गरम असतं का? या प्लास्टिकला खरोखर बाधणाऱ्या काही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात आहेत. लवंगेचं तेल, संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल, तीव्र सोड्याची पावडर. या पारदर्शक भांड्यात कुणी गरम मसाला वाटला असेल, तर त्याची बाजू लंगडी पडते. कोरडा मसाला स्टीलच्या भांड्यात वाटायचा असतो, आणि वहिनी तो तिथेच वाटते. भांडं खरंच हातातून पडलं असेल, तर पत्र लिहू नये. नवीन भांडं विकत घ्यावं. मी त्यांच्यासाठी बोलत नाही. ज्यांच्या हातून काहीही चुकलेलं नाही आणि तरी ज्यांना चुकल्यासारखं वाटायला लावलं जातं, त्यांच्यासाठी बोलतो आहे.

आणि ‘आपल्या बायका मिक्सरवर फार जोर देतात’ हेही बंद करा. भारतीय मिक्सर निघालाच मुळी या जोरासाठी. सत्यप्रकाश माथूर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. घरचा परदेशी ब्रॉन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, तेव्हा त्यांनी इथल्या स्वयंपाकाला पुरून उरेल असं यंत्र घडवलं. सुमीत मिक्सर त्यातून आला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, हळकुंड हे या यंत्राचं नेहमीचं काम आहे. ते करता करता यंत्र मोडलं, तर चूक वापरणाऱ्याची कशी?

तिसरं वाक्य : दुकानदाराचा काय संबंध, कंपनीकडे जा. पैसे कोणी घेतले? बिल कोणी फाडलं? करार झाला तो वहिनी आणि दुकानदार यांच्यात. कंपनीचा माणूस त्या काउंटरवर नव्हता. वर सांगितलेली सोळाव्या कलमातली अटही विक्रेत्यावर आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात निकाल दिला. २००९ सालची गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली होती. उत्पादक आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे, म्हणून डीलरने जे केलं त्याची जबाबदारी आपोआप उत्पादकावर येत नाही, असं सांगून न्यायालयाने उत्पादकाला मोकळं केलं. डीलर जबाबदार राहिला. हे प्रकरण गाडीचं आणि फसवणुकीचं होतं, भांड्याचं नव्हे. पण त्यातून एवढं स्वच्छ दिसतं की डीलर म्हणजे कंपनीची नुसती खिडकी नाही. तो स्वतः व्यापारी आहे, स्वतःचा नफा घेतो, आणि स्वतःच्या विक्रीला स्वतः बांधील आहे. भांड्याच्या बाबतीत कंपनीची वॉरंटीही आहे, म्हणजे कंपनीही बांधील आहे. ग्राहकाने दोघांनाही धरावं. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं म्हणून कोणीच सुटत नाही.

सर्व्हिस सेंटर हा काही वेगळा दरबार नाही. ती कंपनीने आपल्या सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. डोंबिवलीतून ठाण्याला जायचं, लोकलच्या गर्दीत भांड्याची पिशवी सांभाळायची, तिथे ‘भाग आलेला नाही, पुढच्या आठवड्यात फोन करा’ ऐकायचं, आणि परत यायचं. हा भार ग्राहकाने का उचलावा? दुकानदाराने उचलला तर त्याचा रोजचा माल घेऊन येणारा टेम्पो तेच भांडं कंपनीकडे नेऊ शकतो. यासाठीच पत्र आधी दुकानदाराला जायला हवं आणि त्याची प्रत कंपनीला. कंपनीचा पत्ता शोधावा लागत नाही. बंद पॅकेटातल्या मालाविषयीचे २०११ चे वजनमापे नियम सांगतात की तक्रारीसाठी कोणाशी संपर्क साधायचा त्याचं नाव, पत्ता आणि फोन पॅकेटवर छापलेलं असलंच पाहिजे. खोकं रद्दीत देण्याआधी त्याचा फोटो काढा.

लोकांना पत्राची भीती वाटते, कारण पत्र म्हणजे वकिली भाषेतली धमकी असं त्यांना वाटतं. वहिनीने लिहिलेलं पत्र असं होतं :

दि. १९ मार्च २०२५

प्रति,
मालक / व्यवस्थापक
(बिलावरचं दुकानाचं नाव व पत्ता)
डोंबिवली (पूर्व)

विषय : वॉरंटी काळात मिक्सर ग्राइंडरच्या भांड्याला तडा गेल्याबाबत.

महोदय,

आपल्या दुकानातून मी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७५० वॉटचा मिक्सर ग्राइंडर ४,३०० रुपयांना विकत घेतला. बिल क्रमांक, मॉडेल आणि यंत्राचा अनुक्रमांक सोबतच्या कागदांत आहे. मिक्सरची वॉरंटी दोन वर्षांची आहे.

दि. १६ मार्च २०२५ रोजी मिल्कशेक करताना पारदर्शक भांड्याच्या तळातून दूध झिरपू लागलं. पाहता पात्याच्या धातूच्या कड्यापासून वर गेलेला सुमारे चार सेंटिमीटरचा तडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेषा आढळल्या. भांडं पडलेलं किंवा आपटलेलं नाही. बाहेरून आघाताची खूण नाही. त्यात गरम पदार्थ किंवा कोरडा मसाला कधीही घातलेला नाही. त्या दिवसापासून भांड्याचा वापर थांबवला आहे.

दि. १७ मार्च रोजी मी भांडं घेऊन दुकानात आले असता, भांडी वॉरंटीत येत नाहीत असं तोंडी सांगून बदलून देण्यास नकार देण्यात आला. वॉरंटी कार्डावर फक्त हाताळताना होणारी फूट वगळली आहे. हा दोष घडणीतला आहे.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याच मॉडेलचं नवीन भांडं विनामूल्य द्यावं. नकार असल्यास कारणासह लेखी कळवावं. भांडं तपासणीसाठी दाखवायला मी तयार आहे. ताब्यात घ्यायचं असल्यास लेखी पावती द्यावी. मुदतीत उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत : बिल व वॉरंटी कार्ड यांच्या छायाप्रती, तड्याचे तीन फोटो.
प्रत : उत्पादक कंपनी, ग्राहक सेवा विभाग.

या पत्रात अवघड काय आहे? राग नाही, विशेषणं नाहीत, ‘प्रचंड मनस्ताप’ नाही, लाखाची नुकसानभरपाई नाही. मागणी एका भांड्याची आहे, कारण नुकसान एका भांड्याचं झालं आहे. जे लोक पहिल्याच पत्रात संपूर्ण मिक्सरचे पैसे, मानसिक त्रासाचे पन्नास हजार आणि जाहीर माफी मागतात, ते दुकानदाराला नकार देण्याचं सोपं कारण हातात देतात. या पत्रातली प्रत्येक ओळ मात्र त्याच्यावर काहीतरी काम टाकते. तारीख वॉरंटी सिद्ध करते. तड्याचं वर्णन ‘आपटलं असेल’ला आधीच उत्तर देतं. ‘वापर थांबवला’ हे वाक्य पुढे ‘तुम्हीच वापरून वाढवलं’ म्हणायला जागा ठेवत नाही. आणि ‘कारणासह लेखी कळवावं’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. तोंडी नकार देणारा माणूस त्याच शब्दांवर सही करायला सहसा तयार होत नाही, कारण ती सही पुढे त्याच्याच समोर ठेवली जाणार असते.

पत्र दोन प्रतींत न्यावं आणि एका प्रतीवर शिक्का-सहीनिशी पोच घ्यावी. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. ‘हल्ली व्हॉट्सॲपवर सगळं होतं’ असं मला सांगतात. फोटो पाठवायला ते ठीक आहे. पण दुकानाच्या नंबरवर काउंटरवरचा मुलगा असतो, तो निळ्या टिका देऊन गप्प बसतो आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडतो.

आणि एक गोष्ट कधीच करू नये : पावतीशिवाय भांडं सोडून येणं. तडा गेलेलं भांडं हाच एकमेव पुरावा आहे. ग्राहक आयोगाला दोष ठरवण्यासाठी तपासणी हवी वाटली, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या अडतिसाव्या कलमाखाली वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. भांडंच दुकानाच्या माळ्यावर हरवलं असेल तर पाठवणार काय? शेकडो तक्रारी इथेच मरतात असं लोक सांगतात. मी आकडा सांगत नाही, पण आमच्याच इमारतीत हे एकाहून अधिक घरांत झालेलं आहे.

आता शेवटचं वाक्य, सगळ्यात लाडकं : साडेआठशे रुपयांसाठी कशाला? नवीन घ्या, नाहीतर एम-सील लावा आणि वापरा. जे एम-सील लावायला सांगतात, त्यांनी मिक्सर उलटा करून कधी पाहिला आहे का? भांड्याच्या बुडाचा कपलर मोटरच्या शाफ्टवर बसतो. कड्याजवळचा तडा झिरपला, की द्रव नेमका तिथे उतरतो, शाफ्टवरून खाली बेअरिंगमध्ये आणि मोटरच्या गुंडाळीत जातो. मोटर जळते. मग पाच वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड पुढे केलं, की उत्तर मिळतं, ‘आत पाणी गेलंय, वॉरंटी संपली.’ ते उत्तर मात्र कार्डात खरोखर लिहिलेलं असतं. साडेआठशे वाचवायला निघालेला माणूस चार हजार तीनशे गमावतो. आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्याभोवती उकलत चाललेल्या प्लास्टिकचे कण मुलांच्या मिल्कशेकमध्ये जातात, त्याचं काय?

‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्यांचा हिशेबही तितकाच कच्चा आहे. तुम्ही त्याच मॉडेलचं भांडं विकत घेतलंत, म्हणजे तोच साचा, तोच बुश, तशीच आवळलेली कड. दोष घडणीतला असेल तर तो पुन्हा येणार, आणि दुसऱ्यांदा तर वॉरंटीचा प्रश्नच नाही, कारण सुटं भांडं बहुधा बिनवॉरंटीचं विकलं जातं. एका साच्यातून निघालेल्या सदोष मालाची बातमी कंपनीला कशी कळणार? प्रत्येकाने गप्प बसून नवीन भांडं घेतलं तर तिच्या हिशेबात ती तक्रार नसते; सुट्या भागांची चांगली विक्री असते.

आणि आयोगाचं भय कशाला? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही; तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे डोंबिवलीकराला ठाण्याच्या पलीकडे जावं लागत नाही. आता ई-जागृतीवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कंपनीकडे ती अधिकृतपणे पोचते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मी नाकारत नाही. पण ते आयोगाकडे पोचलेल्या प्रकरणाचं झालं. नीट लिहिलेलं पत्र बहुतेक वेळा तिथपर्यंत जायची वेळच येऊ देत नाही, कारण एका भांड्यासाठी ‘सामनेवाले’ म्हणून हजर राहणं दुकानदाराला त्या भांड्यापेक्षा महाग पडतं. लहान रकमेची तक्रार निरर्थक आहे म्हणतात. मी म्हणतो, रक्कम लहान आहे म्हणूनच पत्र परिणामकारक आहे.

१९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते, ज्यांत ठाण्या-डोंबिवलीची माणसंही आहेत, ‘बिल मागा, लेखी घ्या, लेखी द्या’ हेच घरोघर सांगत आले. आपण त्यांच्या संघात वाणसामान भरलं आणि त्यांचं मूळ सांगणं विसरलो.

वहिनीच्या पत्राची पोच घेताना दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या. मुदत संपायच्या आत त्याने फोन करून भांडं तपासायला मागितलं, पावती दिली, आणि कंपनीकडून नवीन भांडं आणून दिलं. त्यासाठी तिला आवाज चढवावा लागला नाही की कुणाची ओळख काढावी लागली नाही. ज्या शेजाऱ्यांनी तिला ‘सोडून द्या’ सांगितलं, त्यांच्यापैकी कुणीही आजवर असं पत्र लिहिलेलं नव्हतं. मग ‘काही उपयोग होत नाही’ हे त्यांना कळलं कुठून?

तुमच्या घरात वॉरंटीतलं तडकलेलं भांडं पडून असेल, तर त्याला एम-सील लावू नका आणि ते भंगारात देऊ नका. धुऊन, कोरडं करून, फोटो काढून ठेवा. बिल शोधा. आणि आज रात्री जेवणं झाली की दुकानदाराला पत्र लिहायला बसा.